उतरत्या चेंडूची वाट

टेबल टेनिसमधला माझा फोरहँडचा चॉप, म्हणजे चेंडू वरून खाली कापत परतवण्याचा फटका, जवळपास तीन महिने टेबलाच्या पलीकडे पडत होता. समोरून जोरकस टॉपस्पिन आला की मी मागे सरकत असे, रॅकेट खांद्यापाशी उचलून खाली आणत असे आणि चेंडू जाळीवरून हातभर उंच उडून समोरच्या खेळाडूच्या डोक्यावरून निघून जात असे. चेंडू वर गेला म्हणजे रॅकेट जास्त उघडी, मागे कललेली होती, हे टेबल टेनिस शिकणाऱ्या कोणालाही पहिल्या महिन्यातच सांगितले जाते, म्हणून मी कोन थोडा बंद केला. त्याने जोरदार फिरकीचे चेंडू थोडे खाली आले खरे, पण जरा हलका चेंडू आला की तोच कोन मला थेट जाळीत नेऊ लागला. मग कोन पुन्हा उघडला आणि चेंडू पुन्हा बाहेर जाऊ लागले. या दोन टोकांमध्ये कुठेतरी एक अचूक कोन असणार आणि तो सापडला की प्रश्न मिटेल, अशी माझी पक्की समजूत होती. ती चुकीची होती, पण चूक नेमकी कशात आहे हे समजायला मला चेंडूकडे एकदा नीट पाहावे लागले.

मी बचाव करणारी खेळाडू आहे. टेबलापासून दूर राहून समोरच्याचा प्रत्येक हल्ला कापून परत टाकायचा, हा माझा खेळ. माझ्या रॅकेटच्या बॅकहँडच्या बाजूला लांब पिंपल्सचे रबर आहे आणि फोरहँडच्या बाजूला साधे, गुळगुळीत, चेंडूला पकडून ठेवणारे रबर. बहुतेक चॉपर हीच जोडी वापरतात. गमतीची गोष्ट अशी, की बॅकहँडने मी तेच टॉपस्पिन कितीतरी सहज कापत होते. अवघड वाटणाऱ्या रबराने चेंडू टेबलावर पडे आणि ज्या रबराने जग खेळते त्याने तो बाहेर जाई. हा फरकच खरे तर उत्तर सांगत होता, पण मी तो ‘माझा बॅकहँड चांगला आहे’ एवढ्यावर सोडून दिला होता.

आमच्या सरांनी एके दिवशी सराव थांबवला, एक चेंडू घेतला आणि त्यावर पेनाने मधोमध गोल रेघ ओढली. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून त्यांनी तो चेंडू माझ्याकडे सावकाश घरंगळत सोडला आणि म्हणाले, “अगं, तुझ्याकडे तोंड करून असलेली बाजू बघ. ती कुठे चालली आहे?” ती खाली चालली होती. घरंगळत येणारा चेंडू हा टॉपस्पिनचाच चेंडू असतो. त्याचा माथा माझ्या दिशेने पुढे येतो आणि माझ्यासमोरची बाजू वरून खाली उतरत राहते. मग त्यांनी विचारले, “आता तू परत पाठवशील तो बॅकस्पिनचा चेंडू. तुझ्यापासून दूर जाताना त्याची तुझ्याकडची बाजू कुठे चाललेली असेल?” मी बोटांनी चेंडू फिरवून पाहिला. तीही खालीच. चेंडूची दिशा बदलली होती, फिरण्याची दिशा बदललेली नव्हती.

मला हे इतके दिवस उलटेच वाटत होते. टॉपस्पिन आणि बॅकस्पिन या दोन विरुद्ध गोष्टी आहेत, त्यामुळे टॉपस्पिनवर चॉप मारताना चेंडूची फिरकी थांबवून उलटी करावी लागते, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात फिरकी उलटी करावी लागते ती टॉपस्पिनला टॉपस्पिनने उत्तर देणाऱ्याला. चॉप करणाऱ्याला ती फक्त तशीच चालू ठेवायची असते, किंवा जमल्यास थोडी वाढवायची असते. समोरच्याने कष्ट करून चेंडूत भरलेली फिरकी त्याच्याच दिशेने परत जाते आणि प्रवासाची दिशा पालटल्यामुळे तिचे नाव मात्र बॅकस्पिन होते.

बॅकहँडच्या लांब पिंपल्सचे कोडे इथेच सुटते. ते पिंपल्स बारीक आणि उंच असतात, चेंडू आदळला की वाकतात, आणि चेंडूचा पृष्ठभाग त्यांच्यावरून बराचसा सटकून जातो. पकड नसल्यामुळे फिरकी फारशी थांबत नाही. म्हणून समोरचा जितका जास्त टॉपस्पिन भरतो, तितका जड बॅकस्पिन त्याला परत मिळतो, आणि माझ्या हाताने त्यात फार काही केलेले नसते. साध्या रबराचे तसे नाही. ते चेंडूला धरते, आणि धरणाऱ्या पृष्ठभागाला चेंडूची समोरची बाजू कोणत्या वेगाने खाली धावते आहे याचा हिशेब द्यावाच लागतो.

तो हिशेब सरांनी फळ्यावर मांडला आणि तो अजून माझ्या डोक्यात आहे. चेंडूचा व्यास ४० मिलीमीटर, म्हणजे त्याचा घेर साधारण साडेबारा सेंटिमीटर. चांगल्या क्लब खेळाडूच्या लूपमध्ये, म्हणजे खालून वर घासत मारलेल्या टॉपस्पिनच्या फटक्यात, टप्पा पडताना काही फिरकी खर्च झाल्यावरही, चेंडू सेकंदाला साठ फेऱ्या फिरतो आहे असे धरू. अव्वल दर्जाच्या खेळाडूंचा लूप सेकंदाला शंभर फेऱ्यांच्याही पुढे जातो. साठ फेऱ्या गुणिले साडेबारा सेंटिमीटर म्हणजे साडेसात मीटर. चेंडूची माझ्याकडची बाजू सेकंदाला साडेसात मीटर या वेगाने खाली धावते आहे. आता माझी रॅकेट स्पर्शाच्या क्षणी त्याच वेगाने खाली जात असेल, तर रबर आणि चेंडू यांच्यात ओढाताण होत नाही आणि फिरकी जवळजवळ जशीच्या तशी राहते. रॅकेट त्याहून वेगाने खाली गेली तर ती फिरकी वाढवते. आणि रॅकेट त्याहून सावकाश गेली, तर चेंडू रबराला धरून खाली रेटू पाहतो आणि रबर त्याला तितक्याच जोराने वर ढकलते. माझे चेंडू उडत होते ते या शेवटच्या कारणाने. कोन फारसा चुकत नव्हता. माझा हात खाली जात होता, पण चेंडूपेक्षा हळू जात होता.

या तीन महिन्यांत मला कोणी हे सांगितले नव्हते असे नाही. ‘हात जोरात खाली आण’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले होते. पण ते मला ताकदीचे वाक्य वाटे आणि ताकद लावली की चेंडू पुढे जातो अशी भीती वाटे. चेंडूच्या पृष्ठभागाशी शर्यत लावायची आहे, हे कळल्यावर त्या वाक्याला अर्थ आला. ताकद पुढे लावायची नसून वेग खाली द्यायचा असतो.

आता प्रश्न असा, की सेकंदाला सात-आठ मीटर एवढा खाली जाणारा वेग आणायचा कुठून. मनगट झटकून तो येतो असे वाटते, पण मनगटाच्या झटक्याबरोबर कोनही झटकला जातो आणि प्रत्येक चेंडू वेगळा निघतो. वेग येतो तो अंतरातून. रॅकेट कानाच्या उंचीवर असेल आणि चेंडूशी गाठ मांडीच्या उंचीवर पडणार असेल, तर रॅकेटला जवळपास पाऊण-एक मीटर उतार मिळतो आणि त्या उतारावर कोपर उलगडत, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर येत वेग आपोआप साठतो. चेंडू छातीच्या उंचीवर गाठला तर हा उतार वीत-दीड वीत उरतो, आणि तेवढ्यात कोणाचाही हात पुरेसा वेग घेऊ शकत नाही. मी चेंडू छातीसमोर कापत होते, आणि माझा दोष तोच होता.

बचावाच्या खेळात धीर लागतो, असे सगळेच म्हणतात, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लांबलचक रॅली येतात. मलाही तसेच वाटे आणि मी स्वतःला धीराची समजत असे, कारण तीस-तीस फटक्यांच्या रॅलीत मी कंटाळत नव्हते. पण माझा अधीरपणा रॅलीत नव्हता, प्रत्येक फटक्याच्या आत होता. टेबलावर टप्पा पडून चेंडू आपल्या सर्वांत उंच जागी पोहोचतो, तिथे तो हात-दीड हात वर, अगदी डोळ्यांसमोर, हातात यावा असा असतो. तिथून तो मांडीच्या उंचीपर्यंत उतरायला साधारण पाव सेकंद लागतो. चॉप करणाऱ्याला धीर धरावा लागतो तो या पाव सेकंदाचा, आणि तो दर चेंडूला नव्याने धरावा लागतो.

या पाव सेकंदात आणखी एक गोष्ट घडते, आणि ती लक्षात न घेता नुसते ‘थांब’ म्हणून उपयोग होत नाही. चेंडू खाली उतरत असताना पुढेही येत असतो. त्याचा पुढचा वेग सेकंदाला सहा मीटर धरला, तर पाव सेकंदात तो दीड मीटर पुढे सरकतो. म्हणजे चेंडू उतरू द्यायचा असेल तर मला आणखी दीड मीटर मागे असायला हवे. मी तिथे नसेन, तर मी कितीही शांत स्वभावाची असले तरी चेंडू छातीवर येणारच आणि मला तो तिथेच कापावा लागणार. मनाचा वाटणारा हा गुण प्रत्यक्षात दोन पावलांचा आहे. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागली, की पहिले पाऊल मागे पडलेले असले पाहिजे. चेंडू जाळी ओलांडेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. मी थांबत होते तो चुकीच्या ठिकाणी. पावले हलवायला थांबत होते आणि हात चालवायला घाई करत होते.

चेंडू मांडीपाशी घ्यायचा आणि रॅकेट वरून खाली आणायची, तर तो टेबलाच्या ७६ सेंटिमीटर उंचीवरून आणि त्यावरच्या १५.२५ सेंटिमीटरच्या जाळीवरून जाणार कसा, अशी शंका नवीन माणसाला येतेच. हात खाली जातो आणि चेंडू वर जातो, हे दिसायला विचित्रच आहे. यासाठी कोन लागतो. रॅकेटचा चेहरा उभ्यापेक्षा थोडा मागे कललेला असतो, तो चेंडूच्या खालच्या अर्ध्या भागाला लागतो आणि चेंडू आपल्याच वेगाने वर उसळतो. खाली जाणारा हात त्या उसळीला आवर घालतो. जोरदार लूपवर हा कल अगदी थोडा, जवळजवळ उभा म्हणावा इतका पुरतो, कारण चेंडूच वर चढायला टपलेला असतो. हलक्या टॉपस्पिनवर कल वाढवावा लागतो आणि हात थोडा पुढेही न्यावा लागतो, कारण वर चढवणारी फिरकी त्यात नसते. समोरच्याने नुसता पुश केला असेल, म्हणजे चेंडू खालून कापत हलकेच पुढे ढकलला असेल, तर चेहरा आणखी उघडून चेंडूच्या खालून पुढे सरकवावे लागते. कोन महत्त्वाचा आहेच, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी चेंडूचा पृष्ठभाग किती वेगाने धावतो आहे हे ओळखायचे, मग त्याला जुळेल असा हाताचा वेग ठरवायचा आणि उरलेली दुरुस्ती कोनावर सोपवायची. मी सगळी दुरुस्ती कोनावरच सोपवली होती.

हा कोन हात वर असतानाच ठरलेला असावा आणि खाली येताना बदलू नये, असे सर सांगतात. खाली येताना मनगट उघडत गेले, तर चेंडू हाताला लागण्याच्या क्षणी चेहरा नेमका कसा होता हे नशिबावर अवलंबून राहते. मी एक सवय लावून घेतली: फटका संपल्यावर रॅकेट जिथे थांबेल तिथे तिच्याकडे पाहायचे. ती टेबलाच्या दिशेने पुढे येऊन थांबलेली असावी आणि सुरुवातीइतकीच कललेली असावी. ती आडव्या ताटासारखी उताणी होऊन थांबली असेल, तर मनगटाने मध्येच लुडबूड केली असे समजावे.

चुकलेला चेंडूही पुष्कळ काही सांगतो, फक्त तो कुठे पडला एवढेच पाहून चालत नाही. माझे पूर्वीचे चेंडू उंच जात, लांब जात आणि पडल्यावर सरळ पुढे निघून जात; त्यांच्यात फिरकी उरलेली नसे. ही हात मंद पडल्याची खूण. याउलट चेंडू जाळीच्या थोडासाच वरून, तरंगत जाऊन टेबलाच्या कडेपलीकडे बोटभर अंतरावर पडला आणि टप्प्यानंतर जागीच घुटमळला, तर त्यात फिरकी भरपूर आहे. हात पुढे जास्त गेला किंवा कोन थोडा जास्त उघडला. बॅकस्पिनचा चेंडू हवेत तरंगतो, त्यामुळे तो अपेक्षेपेक्षा लांब जातो, हे लक्षात ठेवावे लागते. दोन्ही चेंडू ‘बाहेर’च गेलेले असतात, पण दोघांवरचे औषध वेगळे आहे. आणि चेंडू जाळीच्या मध्यावर जाऊन आदळला, तर बहुधा समोरच्याची फिरकी आपण ओळखली नाही. तो चेंडू हलका होता आणि आपण त्याला जड समजून खाली ओढला.

फिरकी ओळखायची ती समोरच्याच्या रॅकेटकडे पाहून. त्याचा हात खूप खालून वर गेला, चेंडूला निसटता घासून गेला, आवाज जेमतेम ऐकू आला आणि चेंडू हवेत सावकाश कमान करून आला, तर तो जड. टक्क असा कोरडा आवाज आला, हात पुढे गेला आणि चेंडू सरळ रेषेत वेगाने आला, तर त्यात वेग जास्त आणि फिरकी कमी. नवशिक्या बचावपटूला वेगवान चेंडूची भीती वाटते. माझा अनुभव असा, की सावकाश येणारा जड लूप जास्त फसवतो, कारण तो आल्यावर वेळ भरपूर आहे असे वाटते आणि हात सुस्तावतो. ज्या चेंडूला हाताचा सर्वांत जास्त वेग लागतो, तोच चेंडू सर्वांत निवांत दिसतो.

हे सगळे समजल्यानंतर साधारण दोन महिन्यांनी आमच्याकडच्या अंतर्गत स्पर्धेत माझी गाठ एका तरुण मुलाशी पडली. कॉलेजात जाणारा, उजव्या हाताचा, फोरहँडचा लूप अतिशय जड. पाचवा आणि शेवटचा गेम, ८-८, सर्व्हिस माझी. ती रॅली मला फटक्याफटक्याने आठवते. मी त्याच्या बॅकहँडला लांब, कापलेली सर्व्हिस टाकली आणि त्याने एक पाऊल बाजूला होऊन ती फोरहँडने माझ्या बॅकहँडला वर काढली. लांब पिंपल्सच्या बाजूला जड लूप म्हणजे मला मिळालेली भेटच; मी हात शांत ठेवून तो उतरू दिला आणि खोल कापला. त्याने पुन्हा तिथेच लूप केला, मी पुन्हा कापला, आणि या वेळी चेंडू इतका जड झाला होता की तिसऱ्यांदा उचलण्याऐवजी त्याने शहाणपणाने पुश केला, तोही माझ्या पिंपल्सवरच.

लांब पिंपल्सची दुखरी नस ही आहे. जे रबर टॉपस्पिनचा बॅकस्पिन करते, तेच रबर बॅकस्पिनचा किंचित टॉपस्पिन करते, कारण फिरकी कुठल्याच बाजूला उलटत नाही. माझ्या पुशमध्ये कापलेपणा नव्हता, चेंडू रिकामा गेला, आणि तो मुलगा हे ओळखून आधीच पुढे सरकलेला होता. यावर उपाय म्हणजे रॅकेट हातातच फिरवून साध्या रबराने पुश करणे. नियमात ते बसते, पण समोरच्यालाही ते दिसू शकते. पूर्वी दोन्ही बाजूंना एकाच रंगाची रबरे लावून खेळाडू समोरच्याला पुरते बुचकळ्यात टाकत. १९८६ पासून एक बाजू काळी आणि दुसरी लाल ठेवणे सक्तीचे झाले, आणि अलीकडे लालऐवजी इतर काही रंगही चालतात. असो. मला त्या क्षणी रॅकेट फिरवायला वेळ मिळाला नाही.

त्याने रिकामा चेंडू माझ्या फोरहँडच्या कोपऱ्यात जोरात मारला. मी पुश करायला पुढे आलेली होते, म्हणून मला आता मागे आणि उजवीकडे एकाच वेळी जायचे होते. पूर्वीची मी तो चेंडू टेबलाजवळच छातीवर गाठला असता. या वेळी दोन पावले मागे पडली, चेंडू माझ्या कमरेखाली येईपर्यंत हात वरच राहिला, आणि मग तो खाली आला. चेंडू जाळीवरून चार बोटांवरून जाऊन टेबलाच्या मागच्या कडेपाशी पडला. लांबी महत्त्वाची असते. चॉप टेबलाच्या मध्यावर पडला तर समोरच्याला पुढे येऊन तो वरून मारता येतो, मागच्या वीतभरात पडला तर त्याला मागे सरून खालूनच उचलावा लागतो. त्याने तो खालून उचलला, फोरहँडलाच. मी आणखी एकदा जड कापला. त्याने पुन्हा उचलला, या वेळी गुडघे जास्त वाकवून.

पुढच्या चेंडूवर मी तसाच हात वर नेला, तसाच खाली आणला, फक्त चेंडू रॅकेटच्या टोकाऐवजी मुठीजवळच्या भागावर घेतला. रॅकेट फिरत खाली येते तेव्हा तिचे टोक सर्वांत वेगात असते आणि मुठीजवळचा भाग त्यामानाने हळू. त्यामुळे तोच फटका फिरकी कमी करून चेंडू पाठवतो. हात हळू पडला की साध्या रबरावरून चेंडू वर उडतो, हे वर आलेच आहे, म्हणून चेहरा नखभर बंद करावा लागतो. हा फटका मी सामन्यात चारपैकी तीनदा चुकवते. त्या दिवशी तो साधला. मुलाने तो जड समजून पूर्ण ताकदीने वर काढला आणि चेंडू टेबलाच्या खूप पलीकडे गेला. त्याने स्वतःच्या रॅकेटकडे असे पाहिले, जसे काही तिनेच फसवले होते. बाहेरून पाहणाऱ्याला ही त्याची साधी चूक वाटली असेल. चॉपरचे बरेचसे गुण असेच समोरच्याच्या चुकांच्या खात्यात जमा होतात, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

मात्र आधीचे जड चॉप नसते, तर या रिकाम्या चॉपला काहीच किंमत नव्हती. समोरच्याच्या गुडघ्यांना आणि खांद्याला जड चेंडूची सवय लागेपर्यंत तेच ते करत राहावे लागते, आणि ‘आता बदलावे’ असे आपल्याला वाटते त्यापेक्षा एक-दोन फटके जास्तच. मी बदल लवकर केला, तर तो बदल म्हणून लागूच पडत नाही. तो नुसता सोपा चेंडू ठरतो.

अर्थात अशी वाट पाहण्यालाही खेळाने मर्यादा घातली आहे. १९३६ साली प्रागच्या जागतिक स्पर्धेत एर्लिक आणि पानेथ या दोघांनी पहिल्या एका गुणासाठी दोन तासांहून अधिक वेळ चेंडू इकडून तिकडे ढकलला होता. आजच्या नियमाप्रमाणे एखादा गेम दहा मिनिटांत संपला नाही आणि दोघांचे मिळून अठरा गुण झाले नसले, तर सर्व्हिस दर गुणाला बदलू लागते आणि सर्व्हिस न करणाऱ्याने तेरा चेंडू अचूक परतवले की गुण त्याला मिळतो. चॉपरसाठी या नियमाला दोन तोंडे आहेत: समोरच्याची सर्व्हिस असेल तेव्हा नुसते तेरा वेळा कापून भागते, पण स्वतःची सर्व्हिस असेल तेव्हा हल्ला करावाच लागतो. २००३ च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेलेला कोरियाचा जू से-ह्युक मागे दूर उभा राहून चॉप करत असे आणि संधी दिसताच फोरहँडने असा काही टॉपस्पिन मारत असे, की त्याला नुसता बचावपटू म्हणणे कठीण होते. अंतिम सामना तो ऑस्ट्रियाच्या वेर्नर श्लागरकडून हरला. माझा फोरहँडचा हल्ला असा आहे, की त्याविषयी इथे न लिहिलेलेच बरे.

आमचा सामना एवढा लांबला नव्हता. ९-८ वर माझी दुसरी सर्व्हिस होती आणि त्या मुलाने मधल्या काळात विचार केलेला दिसला. त्याने एक सावकाश, जड लूप माझ्या फोरहँडला टाकला. मी शिकल्याप्रमाणे दोन पावले मागे गेले, चेंडू उतरू दिला, नीट कापला. आणि त्याने तो पुढच्या चेंडूला उचललाच नाही, जाळीच्या जरासा पलीकडे हलकेच ठेवून दिला. चेंडू उतरू द्यायचा म्हणून मागे घेतलेला तो दीड मीटर आता माझ्या अंगावर आला. मी धावले, रॅकेट चेंडूखाली गेलीही, पण धावत्या अंगाचा वेग रॅकेटमध्ये उतरला आणि चेंडू उंच उडाला. त्याने तो मारला. ९-९.

नंतरच्या दोन्ही गुणांना सर्व्हिस त्याची होती. पहिल्याला त्याने दोन लूपनंतर चेंडू थेट माझ्या अंगावर, उजव्या कोपरापाशी घातला. तिथे फोरहँड आणि बॅकहँड यांतला निर्णय व्हायच्या आत चेंडू येऊन पोहोचतो आणि दोन्ही हालचाली अर्ध्यावर अडकतात. बाजूला एक पाऊल टाकून चेंडू बॅकहँडला करून घ्यायचा, हे मला माहीत आहे, पण पाऊल उशिरा पडले. ९-१०. शेवटच्या चेंडूवर तो पुन्हा आखूड ठेवणार अशी माझी खात्री झाली होती, म्हणून मी मागे गेलेच नाही. लूप लांब आला, मी तो छातीसमोर कापला आणि चेंडू जाळीवरून हातभर उंच उडून त्याच्या डोक्यावरून गेला. हात मिळवताना तो म्हणाला, “ताई, शेवटचा तुम्ही लवकर घेतलात.” मी हो म्हटले.

आता आठवड्यातून दोन दिवस सर पलीकडून एक चेंडू लांब आणि जड, तर दुसरा जाळीलगत आखूड टाकतात, पण ठरलेल्या क्रमाने नाही. मागे जाताना माझे पहिले पाऊल फार मोठे पडते आणि वजन टाचांवर जाते, त्यामुळे पुढे यायला मला आधी थांबावे लागते आणि मग निघावे लागते, असे त्यांचे निदान आहे. म्हणून सध्या एका मोठ्या पावलाऐवजी दोन लहान पावले, टाचा उचललेल्या, आणि कापून झाल्यावर हाताबरोबर अंगही टेबलाकडे अर्धे पाऊल पुढे, एवढेच चालू आहे. दहांपैकी सहा आखूड चेंडूंपर्यंत मी वेळेत पोहोचते. त्यांतले चार अजून उंच जातात.